मृत्युपत्राची फक्त झेरॉक्स उरलीय? मग कोर्टात ते सिद्ध कसं करायचं

मी एका जिल्हा कोर्टात दिवाणी वकिलांकडे बरीच वर्षं काम करतो, कागद लावणं, तारखा लिहिणं, पक्षकारांना चहा पाजत समजावणं हेच माझं काम. वर्षातून दोन-तीनदा तरी कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीतून झेरॉक्स काढतं आणि म्हणतं, "साहेब, बाबांचं मृत्युपत्र होतं हो, पण ओरिजिनल सापडत नाही, आता सगळं गेलं का?" गेलेलं नसतं. पण सोपंही नसतं, आणि लोक पहिल्या महिन्यातच अशा चुका करून बसतात की पुढे वकिलाचे हात बांधले जातात. म्हणून एका प्रकरणावरून क्रमाने सांगतो, नावं-गावं अर्थातच सांगणार नाही.

प्रकरण असं. तात्या म्हणजे रिटायर्ड माणूस, स्वतःच्या कमाईचं तालुक्याच्या गावी घर आणि गावाकडे स्वतः विकत घेतलेली दोन एकर जमीन. २०१६ मधे तीन पानांचं मृत्युपत्र केलं, साध्या कागदावर टाईप केलेलं, रजिस्टर न केलेलं. घर धाकट्या मुलीला कारण शेवटची दहा वर्षं तीच बघत होती, जमीन मुलाला. साक्षीदार दोन, एक त्यांचे डॉक्टर आणि एक जुने हेडमास्तर मित्र. जानेवारी २०२३ ला तात्या गेले. तेराव्याला कपाटातून मृत्युपत्र काढलं, सगळ्यांसमोर वाचलं. मार्चमधे मुलीने, आपण तिला ताई म्हणू, नावनोंदणीसाठी अर्जासोबत ओरिजिनल एका सरकारी कार्यालयात देऊन टाकलं कारण तिथल्या माणसाने "मूळ प्रत लागेल" म्हणून सांगितलं होतं. नशीब, त्याआधी भाच्याने दोन झेरॉक्स काढल्या होत्या. वर्षअखेरीस ते कार्यालय दुसऱ्या इमारतीत हललं आणि फाईल गायब. आणि ओरिजिनल नाही म्हटल्यावर मुलाचं, म्हणजे आपल्या दादाचं, बोलणं बदललं, घरातही मला अर्धा हिस्सा पाहिजे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कोर्टात इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी सिद्ध करायच्या असतात आणि लोक त्यांची एकच भेळ करतात. एक, मूळ मृत्युपत्र खरोखर होतं आणि ते कायद्यात सांगितल्याप्रमाणे सही-साक्षीने झालं होतं. दोन, ते हरवलं ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर, किंवा निदान त्याने स्वतः ते फाडलेलं नाही. तीन, हातात असलेली ही झेरॉक्स त्याच मूळ कागदाची आहे. येणारा प्रत्येक पक्षकार दुसऱ्या गोष्टीवरच, म्हणजे "हरवलं हो" यावरच सगळा जोर लावतो, पोलिसात तक्रार, पेपरात नोटीस, शपथपत्र, आणि पहिली गोष्ट विसरून जातो. ओरिजिनल हरवलं हे मान्य झालं म्हणून झेरॉक्स आपोआप खरी ठरत नाही, ती फक्त कोर्टासमोर ठेवायची परवानगी मिळते एवढंच.

आधी झेरॉक्स नीट बघा, ती कदाचित झेरॉक्स नसेलच

ऐकायला विचित्र वाटेल पण दोनदा असं झालंय की पक्षकार "कॉपी" म्हणून घेऊन आला आणि ती दुसरी मूळ प्रत निघाली. काही लोक टाईप केलेल्या दोन प्रतींवर पेनाने सह्या करतात, किंवा मजकुराची झेरॉक्स काढून तिच्यावर सगळे पुन्हा ताज्या सह्या करतात. अशा प्रतीवर करणाऱ्याची आणि दोन्ही साक्षीदारांची शाईची सही असेल तर ती स्वतःच मूळ दस्त म्हणून पुढे करता येते आणि पुढचं निम्मं रामायण वाचतं. कागद उलटा करून मागच्या बाजूने बोट फिरवा, बॉलपेनचा दाब लागतो, उजेडात तिरका धरला तर शाई चमकते.

ताईच्या कागदावर तसं काही नव्हतं. सह्या सपाट काळ्या, कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची करडी सावली, आणि दुसरं पान मशीनवर जरा तिरकं ठेवल्यामुळे उजव्या कडेची प्रत्येक ओळीतली शेवटची एक-दोन अक्षरं कापली गेलेली. ही कापलेली अक्षरं नंतर दोन तारखा खाऊन गेली, ते पुढे येईलच.

त्या कागदाला आता काही करू नका. लॅमिनेशन नको, पंच नको, वर तारीख-बिरीख लिहू नका, आणि फोटोसाठी पिना काढू नका. आणि झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा, कारण थेट मूळ कागदावरून मशीनने काढलेली प्रत ही दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ कागदाच्या जागी द्यायचा पुरावा, म्हणून चालते पण प्रतीवरून काढलेली प्रत मूळ कागदाशी ताडून बघितल्याचं कोणी सांगणारं नसेल तर ती अडकते.

मग शोध घ्या, आणि शोध घेतल्याचा कागद तयार करा

घरात कुठे शोधायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, देवघराचा ड्रॉवर, एलआयसीच्या फायली, बँकेचा लॉकर, सीएचं ऑफिस, ज्या वकिलांनी किंवा टायपिस्टने मजकूर केला त्यांच्याकडे. मृत्युपत्र रजिस्टर झालेलं असण्याची जराही शक्यता असेल तर आधी दुय्यम निबंधक कार्यालयात जा. मृत्युपत्रांची नोंद तिथे वेगळ्या पुस्तकात असते, पुस्तक क्रमांक ३, आणि करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल दुसऱ्याला देत नाहीत पण तो गेल्यावर मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला तर कोणालाही प्रमाणित नक्कल मिळू शकते. ती मिळाली तर झेरॉक्सच्या शंभर पट बरी. काही जण मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायला देतात, तेही विचारून घ्या. (गोव्यातल्या वाचकांसाठी, तुमच्याकडे नोटरीच्या पुस्तकात नोंदवलेलं सार्वजनिक मृत्युपत्र असेल तर तिथूनच नक्कल मिळते आणि वारसांचं काम इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमधे चालतं, त्यामुळे हा लेख तुम्हाला फारसा लागू नाही.)

ताईच्या बाबतीत शेवटचं ठिकाण माहीत होतं, ते कार्यालय. इथे लोक काय करतात तर तिथल्या क्लार्कशी भांडून येतात आणि भांडणाचा कागद बनत नाही. आम्ही तीन गोष्टी केल्या. एक, ताईकडे अर्जाची पोच होती, तिच्यावर आवक क्रमांक आणि गोल शिक्का, आणि सोबतच्या कागदांच्या यादीत तिसऱ्या नंबरला "मूळ मृत्युपत्र, पाने ३" असं लिहिलेलं. या एका ओळीने निम्मी केस उभी केली. दोन, माहिती अधिकारात आवक-जावक नोंदवहीतल्या त्या नोंदीची नक्कल आणि अर्जाच्या फाईलची प्रत मागितली. उत्तर आलं की नोंद आहे पण फाईल अभिलेखात आढळून येत नाही. ताईला वाटलं हा दरवाजा बंद झाला, मी म्हटलं अहो हेच तर पाहिजे होतं, सरकारी सही-शिक्क्याने लिहून मिळालंय की कागद इथे आला होता आणि आता इथे नाही. तीन, कार्यालयाला वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस की मूळ दस्त हजर करा, नाहीतर आम्ही दुय्यम पुरावा देणार.

ही नोटीस फालतू फॉर्मॅलिटी नाही. ज्याच्याकडे कागद आहे असं तुमचं म्हणणं आहे त्याला आधी मागायला लागतो, जुन्या पुरावा कायद्यात कलम ६६, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६४. पंजाबातलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, जगमेल सिंग विरुद्ध करमजीत सिंग, २०२० चा निकाल, ते अगदी हेच होतं. मृत्युपत्राचं ओरिजिनल फेरफारासाठी गावच्या पटवाऱ्याकडे दिलं म्हणे, नोटीस देऊनही परत आलं नाही, आणि खालच्या कोर्टांनी झेरॉक्स द्यायची परवानगी नाकारली. सुप्रीम कोर्ट म्हणालं की मूळ कागद होता आणि तो अमुक ठिकाणी दिला होता याचा पाया घातलाय ना, मग दुय्यम पुरावा देऊ द्या. पण त्याच निकालात हेही स्पष्ट लिहिलंय की परवानगी मिळाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही.

आणि कागद भावाकडे किंवा चुलत्याकडे दडवलेला आहे अशी शंका असेल तर? त्यालाही नोटीस, आणि शिवाय भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम २६७ खाली कोर्टाला असा अर्ज करता येतो की या माणसाकडे मृत्युपत्र आहे, त्याला ते आणायला सांगा. मृत्युपत्र लबाडीने नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे असा आरोप हातात काही असल्याशिवाय तोंडातून काढू नका, रागाच्या भरात अर्जात लिहिलेलं वाक्य उलटतपासात तुमच्याच अंगावर येतं.

पोलिसात हरवल्याची नोंद आणि पेपरात जाहीर नोटीस हेही करा, त्रास नाही. पण त्यात "प्रवासात हरवले" असलं काहीतरी साच्यातलं वाक्य टायपिस्टला लिहू देऊ नका. एका पक्षकाराच्या तक्रारीत रिक्षात हरवलं, शपथपत्रात घर बदलताना हरवलं. समोरच्या वकिलाने दोन कागद शेजारी शेजारी धरले आणि खाली बसला, पुढे काही विचारायची गरजच उरली नाही.

मृत्यूच्या आधी हरवलं की नंतर, सगळं यावर फिरतं

मृत्युपत्र करणाऱ्याला ते जिवंतपणी कधीही रद्द करता येतं, आणि रद्द करायचा एक मार्ग म्हणजे रद्द करायच्या इराद्याने ते फाडणं किंवा जाळणं. म्हणून मूळ मृत्युपत्र शेवटचं त्याच्याच ताब्यात होतं आणि मृत्यूनंतर सापडलंच नाही, तर समोरचा लगेच म्हणतो की त्यांनीच फाडलं असणार, मन बदललं त्यांचं. इंग्लंडच्या कायद्यात तसं गृहीत धरायची जुनी रीत आहे. आपल्याकडे कोर्टांनी ते गृहीतक बरंच सैल धरलंय कारण आपल्या घरांत कागद कसे ठेवले जातात ते न्यायाधीशांनाही माहीत आहे, पण प्रश्न येणार हे नक्की, आणि उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

मृत्यूनंतर हरवलं असेल तर हा प्रश्न मुळातच मरतो. मेलेला माणूस कागद फाडत नाही. त्याच उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २३७ चं म्हणणं सरळ आहे, मृत्युपत्र मृत्यूनंतर हरवलं किंवा गहाळ झालं, किंवा करणाऱ्याच्या कृतीमुळे नाही तर दुसऱ्याच्या गैरकृत्याने वा अपघाताने नष्ट झालं, आणि त्याची प्रत किंवा मसुदा जपलेला असेल, तर त्या प्रतीचं किंवा मसुद्याचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा आदेश, देता येतं. प्रतही नसेल तर कलम २३८ आहे, नुसता मजकूर साक्षीपुराव्याने सिद्ध करायचा, पण ती फार चढाची वाट.

म्हणजे तुम्हाला शोधायचाय तो असा माणूस किंवा अशी वस्तू जी सांगेल की अंत्यविधीनंतर अमुक दिवशी मी मूळ कागद डोळ्यांनी पाहिला. ताईकडे पोच होतीच, मार्च २०२३ ची. शिवाय तेराव्याच्या दिवशी भाच्याने मोबाईलवर फोटो काढला होता, सतरंजीवर बसलेले सगळे, मधे मावसकाका चष्मा नाकावर घेऊन तीन पानं वाचतायत, आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागे पाटावर बसलेला दादा कागदाकडे बघतोय. फोटोतला मजकूर वाचता येत नाही पण तिसऱ्या पानावर खाली निळ्या शाईचा एक फराटा दिसतो. झेरॉक्समधे निळं काही नसतं! मोबाईलचा फोटो द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, दोन भागांचं, एक भाग तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने, त्यामुळे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून आलेला नाही तर मूळ फोनमधलाच वापरा.

दादाच्या लेखी हरकतीत एक गंमत होती. पहिल्या परिच्छेदात, तात्यांनी असं मृत्युपत्र केलंच नाही. चौथ्यात, केलं असेल तर ताईने दबाव टाकून करून घेतलं. सहाव्यात, तात्यांनी ते नंतर स्वतः फाडून टाकलं. वकील लोक असं "नाहीतर असं" लिहितातच, त्यात गैर नाही, पण समोरच्याची हरकत पेन्सिल घेऊन वाचा, कारण कुठेतरी तो मूळ कागद होता हे मान्य करून बसलेला असतो. उलटतपासात फोटो दाखवल्यावर दादा म्हणाला, "हो, वाचलं होतं तेराव्याला, पण मला पटलं नव्हतं." बस, तात्यांनी फाडल्याची गोष्ट तिथेच संपली.

कुठे आणि काय दाखल करायचं

मयताचं कायमचं राहण्याचं ठिकाण किंवा त्याची मिळकत ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथे अर्ज. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतं, मुंबईत हायकोर्टाच्या मूळ शाखेत. मुंबईतल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना पूर्वी प्रोबेट सक्तीचं होतं ते कलम २१३ मुळे, २०२५ च्या अखेरीस संसदेने ते कलमच काढून टाकलं. बाकी महाराष्ट्रात सक्ती नव्हतीच. पण नुसत्या झेरॉक्सवर तलाठी, सोसायटी किंवा बँक नाव लावून देणार नाही, त्यामुळे सक्ती असो नसो तुम्हाला कोर्टात जायचंच आहे.

मृत्युपत्रात अंमलबजावणी करणारा म्हणजे एक्झिक्युटर नेमलेला असेल तर त्याने प्रोबेट मागायचं. नेमलेला नसेल तर प्रोबेट मिळत नाही, मृत्युपत्र जोडलेलं प्रशासनपत्र मिळतं, ज्याला कोर्टात सगळे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणतात. तात्यांनी कोणाला नेमलं नव्हतं, आणि ताई आधी ज्यांच्याकडे गेली होती त्यांनी प्रोबेटचाच अर्ज टाईप करून ठेवलेला, तो आम्हाला बदलायला लागला. मर्यादेचा कायदाही विसरू नका. हा अर्ज तीन वर्षांच्या आत टाकलेला बरा, तीन वर्षं नेमकी कधीपासून मोजायची यावर वाद आहेत आणि तो वाद आपल्या केसमधे कशाला.

अर्जात नेहमीच्या गोष्टी येतातच, मृत्यूची तारीख, वारसांची यादी, मिळकतीचं परिशिष्ट आणि किंमत, हे शेवटचं मृत्युपत्र आहे आणि ते रीतसर झालंय हे कथन. त्यात आपल्याला हरवण्याचे स्वतंत्र परिच्छेद घालायचे असतात, आणि हे तारखेवार पाहिजेत. कागद २०१६ पासून कुठे होता, मृत्यूनंतर कोणी काढला, कोणाकोणासमोर वाचला, झेरॉक्स कोणी कुठे कधी काढली, मूळ कोणत्या तारखेला कोणत्या आवक क्रमांकाने दिलं, नाही हे कधी कळलं, मग काय काय केलं. शेवटी मागणीत लिहायचं की मूळ मृत्युपत्र किंवा त्याची रीतसर प्रमाणित प्रत हजर होईपर्यंत या प्रतीवर प्रशासनपत्र द्यावं. हे मर्यादित स्वरूप कलम २३७ मधेच आहे, ते न लिहिता साधी मागणी केली तर ऑफिस हरकत काढतं.

दुय्यम पुराव्याच्या परवानगीचा वेगळा अर्ज लागतो का यावर कोर्टाच्या कँटीनमधे कायम वाद. धनपत विरुद्ध शिओ राम या २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की वेगळ्या अर्जाची सक्ती नाही, पाया पुराव्यात आला की झालं. तरी आम्ही अर्ज देतो, दोन पानांचा कागद आहे, पुढची कटकट वाचते.

मग वारसांना नोटिसा निघतात, जाहीर नोटीस लागते. कोणी हरकत घेतली की प्रकरण दाव्यासारखं चालतं, सरतपास, उलटतपास सगळं.

साक्षीदार, खरी परीक्षा इथे

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि कोर्टात निदान एकाला तरी उभं करायला लागतं, तो जिवंत आणि हजर होण्याजोगा असेल तर. आपले डॉक्टर २०२० लाच गेलेले, राहिले हेडमास्तर, वय ७९. त्यांनी फक्त "ही माझी सही आहे" म्हणून भागत नाही. त्यांना सांगायला लागतं की तात्यांनी माझ्यासमोर सही केली, मी तात्यांसमोर सही केली, आणि दुसऱ्या साक्षीदारानेही तात्यांसमोर सही केली. हे शेवटचं वाक्य राहून जातं आणि केस पडते. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात २००२ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टात नेमकं तेच झालं, एकच साक्षीदार तपासला, त्याला दुसऱ्याच्या साक्षांकनाबद्दल काही सांगता आलं नाही, आणि मृत्युपत्र सिद्ध झालं नाही.

झेरॉक्सच्या केसमधे याचं वजन दुप्पट होतं कारण हस्ताक्षर तज्ज्ञाची काठी इथे फारशी चालत नाही. पेनाचा दाब, शाईचा ओघ, कुठे हात उचलला हे झेरॉक्सवर दिसतच नाही, आणि खऱ्या सहीचं कात्रण चिकटवून काढलेली झेरॉक्सही वरून तशीच दिसते. म्हणून साक्षीदार म्हातारा किंवा आजारी असेल तर पहिल्याच तारखेला अर्ज द्या की याची साक्ष आधी घ्या, गरज पडली तर घरी कमिशनर पाठवून घ्या. दोन्ही साक्षीदार गेलेले असतील तर निदान एकाची सही आणि करणाऱ्याची सही ओळखणारी माणसं आणून वाट काढता येते, कायदा ती मुभा देतो, पण सोबत फक्त झेरॉक्स असेल तर ती वाट फार अरुंद.

हेडमास्तरांना पढवलं नाही, फक्त झेरॉक्स हातात देऊन विचारलं, गुरुजी त्या दिवशी काय झालं ते आठवेल तसं सांगा. ते म्हणाले, डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळी, पेशंट संपल्यावर, तात्यांनी स्वतःचं पेन काढलं ते चाललं नाही, मग डॉक्टरांच्या टेबलावरचं निळं पेन घेतलं, आधी तात्या, मग डॉक्टर, मग मी, तिघं तिथेच बसलेलो, कोणी उठलं नाही. उलटतपासात विचारलं की तीन पानांत काय लिहिलंय? म्हणाले, "मला वाचून दाखवलं नाही, मी विचारलंही नाही, मी सहीचा साक्षीदार." समोरच्या वकिलांना वाटलं सापडले, पण साक्षीदाराला मजकूर माहीत असायला लागत नाही, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाज न्यायाधीशांना कळतो.

दुसरा साक्षीदार भाचा, तो झेरॉक्ससाठी. एसटी स्टँडसमोरच्या दुकानात मी स्वतः मूळ कागद घेऊन गेलो, मशीनपाशी उभा होतो, दोन प्रती काढल्या, घरी येऊन आजीला वाचून दाखवताना मूळशी ताडून बघितल्या. एवढंच, पण हे सांगणारा कोणी नसेल तर झेरॉक्स अधांतरी राहते. पुष्कळ केसमधे झेरॉक्स कोणी काढली हेच कोणाला आठवत नाही. तिसरा, कार्यालयातला कर्मचारी, आवक नोंदवही घेऊन समन्सवर बोलावलेला.

आता ती कापलेली अक्षरं. दुसऱ्या पानावर घराच्या चतुःसीमा होत्या आणि उजव्या कडेला शब्द अर्धे, एका ओळीत तर सिटी सर्व्हे नंबरचा शेवटचा आकडाच गेलेला. समोरून हरकत आली की प्रत अपुरी आहे, कोर्टाने अंदाजाने आकडा भरायचा का? प्रश्न रास्त होता. ताई रडकुंडीला आलेली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मजकूर कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने केला होता, आणि त्या बाबाने २०१६ पासूनच्या सगळ्या फायली जुन्या कॉम्प्युटरवर तारखेच्या फोल्डरमधे ठेवलेल्या! मसुदा सापडला, सह्या नसलेला अर्थातच, पण दिसणारा प्रत्येक शब्द झेरॉक्सशी जुळणारा आणि कापलेला आकडा पूर्ण असलेला. कलम २३७ मधे "प्रत किंवा मसुदा" असे दोन्ही शब्द आहेत म्हणून तो उपयोगी पडला, पण एकटा मसुदा असता तर, त्यावर खरंच सह्या झाल्या आणि मधे काही बदललं नाही हे सांगायला पुन्हा हेडमास्तरांवरच यायला लागलं असतं, आणि त्यांनी तर वाचलंच नव्हतं. टायपिस्टला साक्षीला आणायला लागलं, दोन तारखा गेल्या.

झेरॉक्सला निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक, पडते त्या दिवशी मात्र वकिलाला जागं ठेवा, गंमत नाही करत. समोरच्याने त्याच वेळी प्रतीच्या स्वरूपावर हरकत घ्यायची असते, नाही घेतली तर नंतर घेणं त्याला अवघड जातं. तुम्ही विरोधात असाल तर हेच उलटं लक्षात ठेवा.

कोर्टात जायच्या आधी एकदा हेही बघा

सगळे वारस एकमताचे असतील तर झेरॉक्स सिद्ध करायच्या भानगडीत पडूच नका. मृत्युपत्र बाजूला ठेवून वारसनोंद करा आणि ज्यांना घ्यायचं नाही त्यांनी रजिस्टर हक्कसोडपत्र करून द्यावं, काही आठवड्यांत काम होतं. आम्ही दादाला आधी हेच विचारलं होतं. नाही म्हणाला, म्हणून पुढचं सगळं.

आणि अपेक्षा नीट ठेवा, प्रशासनपत्र किंवा प्रोबेट हे मृत्युपत्र खरं आहे एवढंच ठरवतं. ती मिळकत तात्यांचीच होती का, वडिलोपार्जित होती का, हा वाद तिथे मिटत नाही, त्यासाठी वेगळा दावा लागतो.

ताईला आदेश मिळाला. प्रमाणित नक्कल आली तेव्हा तिच्यामागे ती तीन पानं शिवलेली होती, पिनेच्या सावलीसकट, दुसऱ्या पानाची कड तशीच कापलेली, आणि तिच्यामागे टायपिस्टचा मसुदा. सिटी सर्व्हेला नाव लावताना तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आणि मूळ प्रत?" ताईने आदेशातली ती ओळ दाखवली, मूळ हजर होईपर्यंत. ती ओळ पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा, सगळीकडे दाखवायला लागते. उद्या त्या कार्यालयाच्या कुठल्या गठ्ठ्यात ओरिजिनल सापडलंच तर ते घरात ठेवायचं नाही, वकिलाला सांगून कोर्टात हजर करायचं, आणि या वेळी देण्याआधी रंगीत स्कॅन काढायचा, दुसरं पान सरळ ठेवून.